टोमॅटो महागला म्हणून रेपो वाढवायचा?

विरोधी वक्ते म्हणाले, "रिझर्व्ह बँकेचं काम एकच, महागाई रोखणं. विकासाचं सरकार बघेल. दोन्हीकडे बघायला गेलं की बँक नापास होते, 2022 मध्ये झालीच की!"

अध्यक्ष महोदय, आधी कायदा बघू. रिझर्व्ह बँक कायद्यातल्या 2016 च्या दुरुस्तीने किंमतस्थैर्य हे पतधोरणाचं, म्हणजे व्याजदर ठरवण्याच्या धोरणाचं, मुख्य उद्दिष्ट ठरवलं, पण त्याच वाक्यात विकासाचं भान ठेवायलाही सांगितलं. महागाईचं लक्ष्य 4 टक्क्यांचं, वरखाली 2 टक्क्यांची मुभा. ही मुभा का लागते, ते 2023 च्या पावसाळ्यात दिसलं.

जूनमध्ये किरकोळ महागाई 5 टक्क्यांच्या आत होती. जुलैत ती 7.44 वर गेली. टोमॅटो शंभरीपार गेला होता आणि तेव्हाच्या निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा जवळपास 46 टक्के होता. फक्त महागाईचा आकडा बघणाऱ्या बँकेने लगेच रेपो, म्हणजे ती इतर बँकांना ज्या व्याजदराने कर्ज देते तो दर, वाढवला असता. त्याने काय झालं असतं? रेपोशी जोडलेल्या गृहकर्जाचा हप्ता वाढला असता, छोट्या कारखानदाराचं खेळतं भांडवल महागलं असतं. टोमॅटो मात्र एक किलोही जास्त पिकला नसता. दरवाढीचा परिणाम बाजारात उतरायला कित्येक महिने लागतात. टोमॅटोचं रोप लावल्यापासून दोन-अडीच महिन्यांत तोडणीला येतं. पतधोरण समितीने रेपो 6.5 वरच ठेवला. नवा माल आला आणि सप्टेंबरमध्ये महागाई 5.02 वर उतरली.

मग अन्नाच्या महागाईकडे कायम काणाडोळा करायचा का? मुळीच नाही. खाद्यपदार्थ आणि इंधन वगळून उरलेली महागाईही चढू लागली, म्हणजे भाडं, फी, दुरुस्तीची मजुरी वाढायला लागली, तर भाववाढ मुरते आहे हे ओळखावं. तेव्हा दर वाढवायलाच हवेत, विकासाला थोडी झळ बसली तरी. 2023 मध्ये तसं होत नव्हतं.

आता 2022. सलग तीन तिमाह्या महागाई 6 च्या वर राहिली, बँकेला सरकारला लेखी कारणं द्यावी लागली. माझ्याही मते दरवाढ उशिरा झाली. रेपो मे 2022 पर्यंत 4 टक्क्यांवर होता. पण तो तिथे आला कसा? 2020 च्या टाळेबंदीत तो कमी केला गेला. एप्रिल ते जून या तिमाहीत अर्थव्यवस्था जवळपास पाव हिश्श्याने आक्रसली, आणि मालवाहतूक अडल्याने महागाई त्या वर्षी बहुतेक काळ 6 च्या वर होती. विरोधी वक्त्यांच्या नियमाने चालायचं तर, हातचं काम गेलेल्या माणसाचा हप्ता तेव्हाच वाढवावा लागला असता. ते कोणत्या महागाईवरचं औषध ठरलं असतं, एवढं त्यांनी या सभागृहाला सांगावं.