आधी खर्चाचं सांगा

"४ लाख साठलेत, कुठे गुंतवू?"

दादा, पैसे परत कधी लागणार? अक्कलकोट रोडला आमचे माग आहेत. कुणाचं तरी ऐकून मी ३ लाख टॅक्स वाचवणाऱ्या ईएलएसएस फंडात टाकले. आठच महिन्यांत वडिलांचं ऑपरेशन निघालं. फंड चांगला वर होता, पण ३ वर्षं त्यातला रुपया काढता येत नाही, की तारण ठेवता येत नाही. शेवटी बायकोच्या पाटल्या गहाण टाकल्या, वर व्याज भरलं ते वेगळंच.

तुमचा घरखर्च आणि हप्ते मिळून महिन्याला २५ हजार जात असतील, तर सहा महिन्यांचे दीड लाख साध्या एफडीत ठेवा. मुदतीआधी मोडली तर व्याज थोडं कापतात, मुद्दल शाबूत राहतं. उरलेले अडीच लाख पुढच्या जूनला लागणार की दहा वर्षांनी, ते लिहा. मग बोलू.