दहापैकी किती, ते आकड्यात लिहा ना राव!

आकडा लिहायला काय धाड भरते या लोकांना? एखाद्या मेसला दहापैकी साडेसात गुण द्यायचे आहेत ना? मग ७.५ लिहा आणि मोकळे व्हा. पण नाही, चांदण्या पाहिजेत!

भाचा एमपीएससीच्या अभ्यासाला पुण्यात आलाय, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो. त्याच्या अभ्यासिकेतल्या पोरांनी आसपासच्या मेसची यादी केली आहे. कल्पना झकास आहे. जेवून आलेला प्रत्येक जण दहापैकी गुण देतो, त्यांची सरासरी काढतात आणि साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ती सगळ्यांना फिरवतात. महिन्याचे पैसे आगाऊ भरायचे असतात, त्यामुळे पोरं यादी बघूनच मेस ठरवतात. आणि त्या यादीत काय दिसतं, तर हे:

```
★★★★★★★☆☆ नवी पेठ, जिन्याखालची
★★★★★★★★☆☆ सदाशिव पेठ, दुसरा मजला
★★★★★★★☆☆ नारायण पेठ, बोळातली
```

सांगा बरं पटकन, पहिलीला किती गुण आहेत? सांगा की! बोट लावून मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. तीन-चार वस्तू माणसाला न मोजता कळतात, त्यापुढे मोजाव्याच लागतात. पाचपैकी चांदण्या असल्या की निभावतं, कारण सगळा मामला पाचातच आटोपतो. दहा चांदण्या एका ओळीत चिकटवल्या की सात आणि आठ सारखेच दिसतात. निदान पाचनंतर एक जागा तरी सोडा, म्हणजे ★★★★★ ★★☆☆☆ असं दिसेल आणि पाच अधिक दोन हे डोळ्याला लगेच कळेल. तेवढीही तसदी कुणी घेत नाही.

पण माझं डोकं खरं फिरलं ते पुढे. वरच्या ओळी नीट मोजा. मधल्या ओळीत दहा चांदण्या आहेत, पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत नऊच! भरलेल्या सात, रिकाम्या दोन. म्हणजे नऊपैकी सात? दहावी चांदणी कुणी खाल्ली, मेसवाल्याने?

यादी करणाऱ्या पोराला गाठलं. म्हणाला, "काका, मी हाताने नाही लिहीत, एक्सेलमध्ये फॉर्म्युला लावलाय. तो चुकणार नाही." आणि मोठ्या कौतुकाने दाखवला:

```
=REPT("★",B2)&REPT("☆",10-B2)
```

हा फॉर्म्युला जो तो डोळे झाकून चिकटवत असतो. पूर्ण आकडा असेल तर तो बरोबर चालतो. पण एकच चिन्ह दिलेल्या आकड्याइतक्या वेळा लिहिणाऱ्या REPT ला अपूर्णांक दिला की तो दशांशानंतरचं सरळ कापून टाकतो, जवळच्या पूर्णांकात वगैरे काही करत नाही. आता ७.५ घाला. साडेसातचे झाले सात, म्हणून भरलेल्या चांदण्या सात. रिकाम्यांसाठी दहातून साडेसात गेले की उरले अडीच, त्याचे कापून झाले दोन. सात आणि दोन नऊ. अर्धा इकडे कापला, अर्धा तिकडे कापला, आणि एक अख्खी चांदणी गायब!

हे फक्त साडेसातचं नाही. दशांश असलेला कुठलाही आकडा घाला, चांदण्या नऊच येणार. आणि सरासरी म्हटली की दशांश आलाच. नवी पेठेतल्या मेसला मुळात ७.१ आहेत आणि नारायण पेठेतल्या बोळात ७.९. यादीत दोघींच्या ओळी तंतोतंत सारख्या! उलट ७.९ आणि ८ यांच्यात फरक फक्त एका दशांशाचा, पण कागदावर अख्ख्या चांदणीचा. बोळातल्या त्या बाईंची पोळी मऊसूत असते, वरण पातळ नसतं, आणि केवळ या कापाकापीपायी पोरं दुसऱ्या मजल्यावर जाऊन पैसे भरतात. ही गंमत नाही, कुणाच्या तरी धंद्याचा प्रश्न आहे.

त्या पोराचं म्हणणं, "काका, साधारण कल्पना येते ना!" अरे, साधारण कल्पनाच द्यायची होती तर 'बरी' किंवा 'नको' असं लिही ना. दशांशापर्यंत सरासरी काढायचीच कशाला?

रिकाम्या चांदणीला तर कुणी किंमतच देत नाही. काही महाभाग फक्त भरलेल्या छापतात. ★★★★ एवढंच दिसलं तर ते पाचपैकी चार की दहापैकी चार? एक मेस उत्तम, दुसरी टाकाऊ. 'कितीपैकी' हे सांगण्याचं काम त्या रिकाम्या चांदण्याच करतात, म्हणून एकही हरवून चालत नाही.

आणि यादीत शोधायचं म्हटलं तर? आठ गुणांच्या मेस हव्यात म्हणून ८ टाइप केलं, तर काही सापडत नाही. आठ भरलेल्या चांदण्या चिकटवून शोधलं, तर नऊ आणि दहावाल्याही येतात, कारण नवात आठ असतातच. ज्याला दिसत नाही आणि जो फोनकडून वाचून घेतो, त्याचं तर विचारूच नका. 'तारा, तारा, तारा' ऐकत त्याने बोटं मोडत बसायचं का?

एकाने शहाणपणा करून अर्ध्या भरलेल्या चांदणीचं चिन्ह शोधून आणलं. ते आहे, युनिकोडमध्ये २०१८ साली आलं. पण निम्म्या पोरांच्या फोनवरच्या फाँटमध्ये ते नाही, म्हणून तिथे चौकोनी डबा दिसला. मेसच्या यादीत डबा, म्हणजे काहींना वाटलं की पार्सल मिळतं! अर्धंच दाखवायचं असेल तर साधं ½ टाका, ते बहुतेक सगळीकडे दिसतं.

चांदण्या काढून टाका असंही मी म्हणत नाही. हौस असेल तर ठेवा, पण आधी आकडा लिहा, आणि भरलेल्या-रिकाम्या दोन्ही एकाच पूर्णांकावरून काढा:

```
=TEXT(B2,"0.0")&" "&REPT("★",ROUND(B2,0))&REPT("☆",10-ROUND(B2,0))
```

आता ७.९ ला आठ भरलेल्या आणि दोन रिकाम्या, एकूण दहा. ७.१ ला सात आणि तीन, एकूण दहा. ७.५ आणि ८ ला चांदण्या सारख्याच येतील, पण खरा आकडा डावीकडे छापलेला असेल. जुनी यादी तपासायची असेल तर चांदण्या ओळीच्या सुरुवातीला आहेत का बघा. असतील तर नावं एका रेषेत सुरू व्हायला हवीत. एखादं नाव डावीकडे सरकलेलं दिसलं की तिथे चांदणी गेली असं समजा.

एवढं सगळं समजावल्यावर पोरगा म्हणतो, "काका, त्यापेक्षा पुढच्या यादीत पिवळी इमोजी चांदणी टाकतो, उठून दिसेल." अरे बाबा, त्या पिवळ्या चांदणीला रिकामी जोडीदारच नाही! तिच्याशेजारी ही बारकी ☆ लावलीस तर एक जाडी, एक लुकडी, आणि ओळ आणखी वाकडी. आकडा लिही, आकडा!