नऊ पानी ऋण

"मामा, तुम्ही मराठीचे. नुस्ती एक नजर टाका," असं म्हणून भाच्यानं माझ्या पुढ्यात कागदांचा गठ्ठा ठेवला, तेव्हा मला वाटलं एखादं प्रकरण असेल. तो ऋणनिर्देश निघाला. नऊ पानं.

परभणीतली एप्रिलची दुपार, लाईट गेलेली, बायकोनं केलेली चुरमुऱ्यांची सुशीला ताटलीत गार होत होती. प्रबंधाचा विषय 'हिंगोली जिल्ह्यातील निवडक आठवडी बाजारांचा भौगोलिक अभ्यास'. आठ वर्षं पोरगं गावोगावचे बाजार तुडवत होतं. मी अनुक्रमणिका उघडली. 'निष्कर्ष आणि शिफारशी' हे शेवटचं प्रकरण साडेसहा पानांचं होतं. म्हणजे आठ वर्षांत हाती लागलेल्या ज्ञानापेक्षा आभार अडीच पानांनी भारी भरले होते.

"बाइंडिंग कधी?"

"परवा. पाच प्रती. सोनेरी अक्षरात."

मी चष्मा पुसला आणि लाल पेन काढला. निवृत्त मास्तरला लाल पेन हाती धरायला मिळणं हीच त्याची पेन्शन असते.

पहिल्या पानावर कुलदैवत. त्याखाली भाचा ज्या कॉलेजात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवतो, त्या संस्थेचे अध्यक्ष. मग उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, कोषाध्यक्ष आणि अध्यक्षांचे चिरंजीव, ज्यांना 'युवा नेतृत्व' म्हटलं होतं. मी पानं उलटत राहिलो. आमच्याकडच्या लग्नात माईकवाला एकेका पुढाऱ्याचं नाव पुकारत असतो, मुहूर्त टळत असतो आणि नवरा मुंडावळ्यांआडून घाम पुसत असतो, तसं माझं झालं. मार्गदर्शक चौथ्या पानावर सापडले. सतरावा नंबर.

"अरे, ज्यांची सही प्रमाणपत्रावर आहे, ते सतरावे?"

"मामा, जूनमध्ये एक जागा निघायलीय. अध्यक्षसाहेब खाली घातले तर?"

"आणि सर खाली गेले तर?"

भाचा सुशीला खाऊ लागला. दोन्हीकडून मार खाणाऱ्या माणसानं तेवढंच करायचं असतं.

मग मी त्याला क्रम समजावला. या पानावर माणसाच्या मोठेपणानं नंबर लागत नाही, कामाच्या जवळिकीनं लागतो. सगळ्यात आधी मार्गदर्शक, कारण त्यांनी प्रत्येक प्रकरण वाचलंय. मग विभाग आणि संशोधन केंद्र. मग ग्रंथालय आणि ज्या कचेऱ्यांनी कागद काढून दिले त्या. मग जिथं प्रत्यक्ष काम केलं तिथली माणसं. मग नकाशे, टंकलेखन. घरचे अगदी शेवटी, आणि तेही चार ओळींत. घरच्यांचा मान कमी म्हणून नाही; वाचणाऱ्याला आधी हे कळायला हवं की हे काम कुणाच्या मदतीनं झालं, आणि मग हे की ते होईपर्यंत तुला कुणी सोसलं.

"अध्यक्षांना बी जागा आहे," मी म्हणालो. "संशोधन केंद्र त्यांच्या कॉलेजात आहे ना? मग 'संस्थेने संशोधन केंद्राची सोय उपलब्ध करून दिली', एवढं एक वाक्य, विभागाच्या मागोमाग. ते खरं आहे, आणि खरं असल्यामुळं खुशामत दिसत नाही."

"आणि युवा नेतृत्व?"

"त्यांनी काय दिलं?"

तो विचारात पडला. इथून पुढची दुपार या एकाच प्रश्नावर गेली. नऊ पानांत मोजून 143 नावं होती. मी नाव वाचायचं, "काय दिलं?" विचारायचं. त्याला क्रियापद सापडलं तर नाव राहील, नाही तर लाल रेघ. सहसचिवांनी काय दिलं? "प्रेरणा." कधी? "तशी... एकदा झेंडावंदनाला." लाल रेघ. बी.ए.चे वर्गमित्र, बावीस नग: "शुभेच्छा." लाल रेघ. वेशीजवळचा झेरॉक्सवाला: "त्यानं माझ्या 210 प्रश्नावल्या उधारीवर काढून दिल्या." राहू दे. सहसचिवांपेक्षा झेरॉक्सवाला पक्का निघाला, याचा मला आतून आनंद झाला, पण चेहऱ्यावर दाखवला नाही.

नावं कमी झाली तरी पानं हटेनात, कारण फुगवटा भाषेत होता. 'शब्द अपुरे पडतात' हे वाक्य अकरा वेळा होतं. अपुरे पडणारे शब्द नऊ पानं पुरले होते. शिवाय ग्रंथालयातल्या शिपायासमोर तो 'नतमस्तक' झाला होता आणि मार्गदर्शकांचा मात्र फक्त 'आभारी' होता. मराठीत या भावनेला उतरंड आहे बाबा, मी म्हणालो. आभार, मग ऋणी, मग कृतज्ञ. सगळ्यात वरचं मडकं शिपायाला देऊन बसलास, आता सरांना काय देणार? नतमस्तक तर काढूनच टाक. तीनशे पानांचा प्रबंध लिहिणाऱ्याचं मस्तक जाग्यावर असलेलं बरं.

मार्गदर्शकांच्या सौभाग्यवतींना त्यानं 'मातृतुल्य' लिहिलं होतं. आपल्याकडं सरांच्या घरी प्रकरणं घेऊन जाताना चहा-पोहे होतात, त्यामुळं ही ओळ बहुतेक प्रबंधांत असते, तिला माझी हरकत नाही. पण बाईंचं वय एक्केचाळीस आणि भाचा एकोणचाळीसचा. "हे त्यांनी वाचलं तर पुढच्या खेपेला चहा नाही," माझी बायको आतून म्हणाली. मातृतुल्य गेलं, 'आपुलकीनं आदरातिथ्य केलं' आलं.

पुढं ग्रंथपालांच्या नावाआधी 'कै.' दिसलं.

"हे वारले?"

"नाही हो. सकाळीच पुस्तकाचा दंड घेतलाय माझ्याकडून."

खरा प्रकार असा होता की त्यानं शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावरून कुणाच्या तरी प्रबंधातला ऋणनिर्देश उतरवून घेतला होता. तिथं प्रबंधाचे तुकडे वेगवेगळ्या फायलींत असतात, त्यामुळं नेमका ऋणनिर्देश तेवढा काढून वाचता येतो आणि उचलताही येतो. नावं बदलली, कै. तसंच राहिलं. तीन पानं पुढं 'माझ्या पतींनी घरची जबाबदारी समर्थपणे पेलली' हेही आढळलं. मूळ लेखिका बाई होत्या.

"पण साम्य तपासणीत काहीच आलं नाही," भाचा पडेल आवाजात म्हणाला.

येणार कसं? वाङ्मयचौर्याबद्दलच्या 2018 च्या यूजीसी नियमांत साम्य मोजताना संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश वगळायला सांगितलंय. बाकी प्रबंधात दहा टक्क्यांच्या वर साम्य गेलं की चौकशी सुरू होते, पण या पानाला सगळं माफ. म्हणून तर पिढ्यान्‌पिढ्या त्याच त्या कृतज्ञता फिरताहेत. संगणक इथं पकडत नाही. पकडते ती 'पतींनी' वाचणारी बायको.

आणखी एक रत्न सातव्या पानावर होतं: 'माझ्या प्रबंधाचे बहिःस्थ परीक्षक यांचा मी ऋणी आहे.' प्रबंध अजून सादर नाही, परीक्षकांची नावं गोपनीय. सोयरीक जुळायच्या आधीच व्याह्यांना आहेर! कुणी शंकेखोर परीक्षक असला तर विचारेल, तुला आधी कसं कळलं? लाल रेघ, दोनदा.

पण माझा घाम काढला तो आठव्या पानानं. तिथं दोन वाक्यं होती. एक: 'सरांनी हा प्रबंध मला लिहून दिला.' दुसरं: 'संगणक सेंटरच्या मित्राने सारण्यांचे विश्लेषण करून निष्कर्ष काढून दिले.'

मी पेन खाली ठेवला. "सरांनी लिहून दिला?"

"नाही मामा! म्हणजे मागं लागून, ओरडून..."

"मग 'लिहून घेतला' म्हण. 'दिला'नं पदवी सरांची होते, 'घेतला'नं तुझी राहते. आणि हे बघ." मी ऋणनिर्देशाच्या आधीच्या पानावर गेलो. तिथं त्याच्या सहीचं प्रतिज्ञापत्र होतं: हे संशोधन माझे स्वतःचे आहे. लोक ऋणनिर्देश गोडीगुलाबीचं पान समजतात. खरं तर तो एका परीनं जबाब असतो, कुणी काय केलं त्याचा, आणि प्रतिज्ञापत्राच्या शेजारी बसून तो त्याला खोटं पाडू शकतो. शुद्धलेखन कुणी तपासलं, नकाशे कुणी रेखले, आकडे संगणकात कुणी भरले हे खुशाल लिहावं. पण विचार दुसऱ्यानं केला असं वाक्य चुकूनही पडता कामा नये. आणि चुकून नसेल, खरोखर दुसऱ्यानं केला असेल, तर वाक्य बदलून भागत नाही, प्रकरण पुन्हा करावं लागतं.

"निष्कर्ष कुणी काढले?"

"मीच. त्यानं फक्त टक्केवारी लावून दिली."

"शपथ?"

"मामीच्या सुशीलाची." मग मित्राचं वाक्य 'आकडेवारीची मांडणी करण्यास साहाय्य केले' असं झालं.

संध्याकाळी लाईट आली तेव्हा दीड पान उरलं होतं. मी समाधानानं वाचलं आणि थांबलो. चौथं प्रकरण जनावरांच्या बाजारावर होतं. रुमालाखाली बोटं धरून बैलाचा भाव कसा ठरतो, बघ्यांना एक पैसा कसा कळत नाही, हे त्यानं फार सुरेख लिहिलंय. हे सांगितलं कुणी?

"एक म्हातारे दलाल आहेत. चार बाजार माझ्यासंगं फिरले. बोटांचे आकडे माझा हात धरून शिकवले."

"ते 143 मध्ये कामून नाहीत?"

तो गप्प बसला. दलालाचं नाव प्रबंधात कसं दिसेल, असं त्याला वाटलं असावं. मी म्हणालो, नाव घाल, पण आधी विचार. माहिती देणाऱ्याचं नाव त्याला न विचारता छापायचं नसतं. त्यानं तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. दलालांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाव नगं टाकू बाबा. बाजारात कळलं ना की आतला हिशेब ह्यानं फोडला, तर उद्यापासून माझ्या रुमालात कुणी बोट घालायचं नाही." मग जरा थांबून म्हणाले, "एक जाणकार म्हण. आम्हाला कळतंय कोण ते."

'बैलबाजारातील एका जाणकारांचा मी कृतज्ञ आहे.' नऊ पानांतलं एवढं वजनाचं वाक्य मी त्या दिवशी दुसरं लिहिलं नाही.

चार दिवसांनी भाचा पेढे आणि बांधलेली प्रत घेऊन आला. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं. सरांनी दीड पान बघून दोन वेळा मान हलवली म्हणे, अध्यक्षांच्या ओळीवर काहीच बोलले नाहीत. मी ऋणनिर्देश उघडला. क्रम जागेवर, नतमस्तक कुठं नाही, ग्रंथपाल जिवंत. फक्त तळाला एक ओळ वाढली होती. आदल्या रात्री त्यानं मला चकित करायला घातलेली. पाचही प्रतींत छापलेली, उद्या शोधगंगेवरही जाणारी:

'हा ऋणनिर्देश माझ्या मामांनी मला लिहून दिला.'