भिजवलेल्या वाटाण्याचा मटार होत नाही

«मटार आणि हरभरा ही कडधान्यं आहेत, त्यांना भाजी म्हणणं शास्त्रीयदृष्ट्या चूक. ओला दाणा आणि सुका दाणा एकच, प्रोटीनही तेवढंच. मग मटारवर पैसे कशाला घालवता? वाटाणे रात्रभर भिजवा, मटार तयार! फ्रोझनवाले तरी दुसरं काय करतात?»

पहिल्या वाक्यातलं अर्धं बरोबर आहे. दोन्ही झाडं शेंगवर्गीय, फॅबेसी कुळातली. त्यात वाद नाही. पण कूळ वनस्पतिशास्त्राचं, तर भाजी की कडधान्य हा प्रश्न शेताचा आणि बाजाराचा. झाडाचं काय तोडलं आणि कधी तोडलं, त्यावर तो सुटतो. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना सुक्या दाण्यासाठी काढलेलं पीकच कडधान्यांत धरते. हिरवा मटार तिच्या हिशेबात भाजीपाल्यात जातो. भुईमूगही शेंगवर्गीयच, पण तो तेलबियांत. हरभऱ्याचं तर एकच झाड तीन ठिकाणी हजेरी लावतं. कोवळे शेंडे खुडले की पाल्याची भाजी (खुडल्यावर फांद्याही जास्त फुटतात, म्हणजे शेतकऱ्याचा तोटा नाहीच), घाटे भरले की सोलाणे आणि झाड वाळलं की हरभरा. भाजी म्हणणारी आजी चुकत नव्हती.

प्रोटीनचं गणित मात्र साफ चुकलंय. ओल्या मटारात पाणीच जवळपास 79 टक्के असतं, त्यामुळे 100 ग्रॅममागे प्रोटीन साधारण साडेपाच ग्रॅम. सुक्या वाटाण्यात ते 23 ग्रॅमच्या आसपास. एक किलो शेंगा सोलल्या तर दाणे जेमतेम निम्मे निघतात. ते साडेचारशे ग्रॅम धरले, तर त्यांतलं प्रोटीन सुमारे 24 ग्रॅम, म्हणजे मूठभर, 100 ग्रॅम सुक्या वाटाण्याएवढं. उलट क जीवनसत्त्व ओल्या मटारात 100 ग्रॅमला 40 मिलिग्रॅमच्या घरात असतं, शिजवताना त्यातलं काही जातं. सुक्या दाण्यात ते जवळजवळ उरतच नाही. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घेता येत नाही.

आता भिजवण्याकडे येऊ, कारण खरी गंमत तिथेच आहे. भाजीचा मटार आणि उसळीचा वाटाणा एकाच जातीचे असले, तरी बहुधा वेगळ्या वाणांचे असतात. मटारासाठी लावतात त्या अर्केलसारख्या वाणांचं बी सुकल्यावर सुरकुततं. किराणा दुकानातला वाटाणा गोल, गुळगुळीत. मेंडेलने 1866मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हाच फरक पिढ्यान् पिढ्या मोजला होता. त्याचं कारण 1990मध्ये इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी शोधलं: सुरकुत्या पडणाऱ्या वाटाण्यात पिष्टमय पदार्थाला फांद्या फोडणारं एक विकर काम करत नाही. त्यामुळे पिष्ट कमी बनतं, साखर जास्त राहते, साखरेमुळे दाणा पाणी जास्त ओढतो आणि वाळताना आक्रसतो. मटारची गोडी आणि त्या सुरकुत्या, दोन्ही त्या एका बिघाडाची देणगी. गोल वाटाण्यात हे विकर शाबूत असतं. त्याला रात्रभरच काय, आठवडाभर भिजवला तरी त्यातल्या पिष्टाची साखर होऊन मटार काही व्हायचा नाही. फार तर मोड येतील.

हरभऱ्यात वाणांची अशी फाळणी नाही. सोलाणे झाडावर ठेवले तर त्यांचाच हरभरा होतो. पण पिकताना साखरेचं पिष्ट बनतं, साल जाड आणि तपकिरी होते, आणि ही वाट एकेरी आहे. भिजवलेल्या हरभऱ्याची उसळ उत्तम होते, सोलाण्याच्या आमटीची चव तिला येत नाही.

फ्रोझनचं म्हणाल तर कारखान्यात कोवळे दाणेच सोलतात, दोन-एक मिनिटं गरम पाण्यातून काढतात, गार करतात आणि लगेच गोठवतात. गरम पाणी यासाठी, की त्याने विकरं थांबतात. नाहीतर गोठलेल्या मटारलाही हळूहळू वास आणि कडवटपणा येतो. घरी मटार साठवताना हीच पायरी गाळली की मार्चमधला पुलाव बिघडतो.

संशय घ्यायचाच असेल तर बाजारातल्या सुट्या, सोललेल्या, अति हिरव्यागार दाण्यांवर घ्या. तिथे भिजवून रंगवलेले वाटाणे खपवले जातात. नुसता बिनमोसमी म्हणून मटार खोटा ठरत नाही, हिमाचलचा माल उन्हाळ्या-पावसाळ्यातही येतो. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन दाणे टाका, ढवळून अर्धा तास ठेवा. पाण्यात रंग उतरला तर तो वरून लावलेला. रंग उतरला नाही तरी एक दाणा चावून बघा: मटार रसरशीत आणि गोडसर लागतो, भिजवलेला वाटाणा पिठूळ, सालीला चिवट, आणि दाबला की त्याच्या दोन डाळिंब्या सुट्या होतात.