नंबर आणि सही देण्याआधीचा एक फोन

"समोरचा माणूस गरज सांगण्याआधीच रेफरन्स मागतोय? तीन ग्राहकांचे नंबर लगेच पाठवा. एनडीए, म्हणजे गोपनीयतेचा करार, पाठवलाय? सही करून टाका, सगळ्यांचा मसुदा सारखाच असतो. प्रश्न विचारत बसलात तर काम हातचं गेलं."

असा सल्ला धंद्यात नेहमी ऐकू येतो. मला तो पटत नाही. आधी रेफरन्सचं बघू. आपल्याबद्दल बोलायला तयार असलेला ग्राहक स्वतःच्या कामातली वीस मिनिटं एका अनोळखी माणसासाठी काढतो. अशी माणसं आपल्यासारख्या छोट्या कंपनीकडे तीन-चारच असतात. प्रत्येक चौकशीला त्यांचे नंबर वाटले, तर ती फोन उचलायची बंद होतात आणि पुढे आपल्याशीही तुटक बोलू लागतात. म्हणून दर वेळी त्यांना आधी विचारावं, कोण आणि कशासाठी फोन करणार ते सांगावं. काही करारांत तर त्यांच्या परवानगीशिवाय त्यांचं नाव बाहेर सांगायलाही मनाई असते. ते कलम न वाचता नंबर दिला, तर एका नव्या चौकशीपायी जुन्या ग्राहकाची गोपनीयता मोडते.

पण घाईतलं मोठं नुकसान वेगळंच आहे. आम्ही गोदामातल्या मालाच्या नोंदींचं सॉफ्टवेअर बनवतो. एकदा पहिल्याच मेलला उत्तर म्हणून मी आमच्या सगळ्यात समाधानी ग्राहकाचा नंबर दिला. फोन झाला. चौकशी करणाऱ्याची गोदामं चार होती, आणि एका गोदामातून दुसऱ्यात माल हलवताना नोंदी कशा जुळतात हाच त्याचा खरा प्रश्न होता. आमच्या ग्राहकाने प्रामाणिकपणे सांगितलं, "आमचं एकच गोदाम आहे, त्याबद्दल मला काही सांगता येणार नाही." काम तिथेच संपलं. चार गोदामं सांभाळणारा ग्राहकही आमच्याकडे होता. फक्त कोणाचा नंबर द्यायचा हे ठरवण्याइतकी माहिती मी घेतली नव्हती. चूक माझी होती.

म्हणून आता मी विचारतो, "त्यांच्याशी बोलून तुम्हाला नेमकी कशाची खात्री करायची आहे?" वेळेत काम होतं का, अडचण आली की कोणी फोन उचलतं का, की कंपनी दोन वर्षांनी असेल का? पहिल्या दोन प्रश्नांना वेगवेगळे ग्राहक लागतात. तिसऱ्याला ग्राहक लागतच नाही, त्यासाठी लेखापरीक्षण झालेले हिशेब दाखवता येतात.

मसुदे सारखे असते तर मलाही बरं वाटलं असतं. गेल्या खेपेला सहा पानांचा एनडीए आला. पहिली चार पानं नेहमीचीच. पाचव्यावर एक कलम होतं: तीन वर्षं त्यांच्या व्यवसायातल्या दुसऱ्या कोणालाही सेवा द्यायची नाही. आमचे दोन चालू ग्राहक त्याच व्यवसायातले. सही केली असती, तर एका न मिळालेल्या कामासाठी हातातली दोन कामं अडचणीत आली असती. मी ते कलम वगळायची विनंती केली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की ते जुन्या मसुद्यातून तसंच राहिलं होतं, काढून टाकतो. कोणी रागावलं नाही.

त्यामुळे सहीआधी चार गोष्टी बघाव्यात. बंधन दोन्ही बाजूंना आहे की फक्त आपल्याला? मुदत किती? आपल्याला आधीच माहीत असलेली, सार्वजनिक झालेली किंवा आपण स्वतंत्रपणे तयार केलेली माहिती वगळली आहे का? आणि गोपनीयतेच्या आड स्पर्धाबंदी किंवा आपल्या कामावरचा मालकी हक्क लपलाय का? पहिल्या तिन्हींत काही खटकलं नाही आणि चौथ्याचं उत्तर 'नाही' असेल, तर त्याच दिवशी सही करावी. नुकसानभरपाईचा मोठा आकडा दिसला, तर मात्र वकिलाला दाखवल्याशिवाय नाही.

प्रश्नांनी काम जातं म्हणणाऱ्यांसाठी, आम्ही पाठवतो तो मजकूर:

"एनडीए आम्ही जरूर करू, मसुदा वाचून दोन दिवसांत कळवतो. तोवर अर्ध्या तासाच्या फोनवर एवढंच सांगा: गोदामं किती, रोजच्या नोंदी साधारण किती, आणि कधीपर्यंत सुरू करायचंय. यात नावं, दर, कागदपत्रं काही नको. आमच्याकडून होण्यासारखं नसेल तर तेव्हाच सांगू. पुढे जायचं ठरलं, तर कोटेशननंतर तुमच्यासारखंच काम असलेल्या ग्राहकाशी, त्यांना विचारून, बोलणं घालून देऊ."

खरी गरज असलेला माणूस एवढं सांगतो. फोनची वेळ देत नाही, निर्णय कोण घेणार ते सांगत नाही, तरी ग्राहकांची यादीच हवी म्हणतो, तिथे मी थांबतो. ती यादी प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडण्याची शक्यता असते.

निविदेचं वेगळं. तिथे पूर्वीच्या कामांचे दाखले ही बहुतेकदा पात्रतेची अटच असते, मग ते मुदतीत जोडावेच लागतात. आणि रुग्णांची किंवा खातेदारांची माहिती ज्यांच्याकडे असते, त्यांचे नियम बऱ्याचदा एनडीएआधी तोंड उघडू देत नाहीत. तिथे फोनचा आग्रह न धरता मसुदा आधी वाचायला घ्यावा.