घनतेतील सार्थक अंक: एक खुलासा

“तराजूवर वजन पाच सार्थक अंकांत मिळते, म्हणून घनताही पाच अंकांत लिहावी.”

हे बरोबर नाही, आणि त्याचे कारण तराजूत नसून बहुतेक वेळा ब्युरेटमध्ये सापडते. समजा, रिकाम्या शंकूपात्राचे वजन 52.318 ग्रॅम आणि त्यात इथेनॉल सोडल्यावर 56.262 ग्रॅम भरले. वजाबाकी 3.944 ग्रॅम येते, म्हणजे पाचातला एक अंक इथेच गळतो. प्रत्येक वजनात ±0.001 ग्रॅम अनिश्चितता धरली, तर फरकातील अनिश्चितता वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने ±0.0014 ग्रॅम, म्हणजे सुमारे 0.04 टक्के होते.

ब्युरेटचे वाचन 0.40 वरून 5.40 मिलिलिटरवर गेले. प्रत्येक वाचनात ±0.02 मिलिलिटर धरल्यास 5.00 मिलिलिटर आकारमानात ±0.028, म्हणजे जवळजवळ 0.6 टक्के अनिश्चितता येते. भागाकारात सापेक्ष अनिश्चितता याच रीतीने एकत्र होतात आणि तिथे वजनाचा वाटा नगण्य ठरतो. कॅल्क्युलेटर 0.7888 दाखवत असला, तरी उत्तर 0.789 ± 0.004 ग्रॅम प्रति मिलिलिटर असेच लिहावे. मधल्या पायऱ्यांत मात्र अंक कापू नयेत.

महागडा तराजू आणून यात काहीही सुधारत नाही. त्याच ब्युरेटमधून 25 मिलिलिटर सोडले, तर अनिश्चितता ±0.001 पर्यंत उतरते. अर्थात हा हिशेब परस्परांशी असंबद्ध चुकांचा आहे. ब्युरेटच्या खुणाच चुकीच्या असतील, तर तो दोष यात दिसत नाही.