पाच सेंटची बाटली आणि दहा सेंटची बाटली

"बाटल्या-कॅनवर अनामत रक्कम घेणे म्हणजे मागच्या दाराने लावलेला कर आहे. ज्याला काळजी आहे तो बाटली परत देतोच, आणि ज्याला नाही तो एवढ्याशा रकमेसाठी हेलपाटा घालणार नाही. परत न आलेले पैसे कंपन्यांच्या खिशात जातात, म्हणून बाटल्या परत येऊच नयेत असे त्यांना वाटते. घरोघरी कचऱ्याचे दोन डबे दिले की तेवढेच काम होते."

रिकामी बाटली दिली की परत मिळणाऱ्या अनामतीच्या योजनेवर असे आक्षेप घेतले जातात. ते एकेक करून तपासू. आधी पैशाचा प्रवास पाहू. अनेक योजनांत पेय बाजारात आणणारा उत्पादक प्रत्येक बाटलीमागे ठरलेली अनामत योजना चालवणाऱ्या संस्थेकडे भरतो, ती दुकानदाराकडून वसूल करतो आणि दुकानदार ती ग्राहकाकडून घेतो. रिकामी बाटली परत आली की दुकानदार ती रक्कम ग्राहकाला देतो आणि संस्था दुकानदाराला ती भरून देते. या फेरीत बाटली परत करणाऱ्याचे काहीच जात नाही. कर भरल्यावर मात्र काहीही केले तरी पैसे हाती येत नाहीत. बाटल्या गोळा करण्याचा, मोजण्याचा आणि वाहून नेण्याचा खर्च खरा असतो, तो मुख्यतः उत्पादकांच्या शुल्कातून आणि गोळा झालेल्या मालाच्या विक्रीतून निघतो, आणि त्याचा काही भाग वस्तूच्या किमतीत उतरू शकतो. हा खर्च नाकारण्याचे कारण नाही, पण तो आणि अनामत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रक्कम क्षुल्लक आहे की नाही, हे अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने जवळजवळ प्रयोगासारखे तपासून पाहिले आहे, म्हणून तेथे थोडे थांबणे आवश्यक आहे. बाटल्यांवर अनामत घेणारा कायदा अमेरिकेत सर्वप्रथम ओरेगॉनने १९७१ साली केला आणि अनामत ठेवली ५ सेंट. ती पुढे पंचेचाळीस वर्षे तशीच राहिली. दरम्यान अमेरिकेतील किमती सुमारे सहापट झाल्या, म्हणजे २०१६ मधील ५ सेंटचे मोल १९७१ च्या हिशेबाने एका सेंटपेक्षाही कमी उरले होते. परतीचे प्रमाण त्याच्याबरोबर घसरत गेले. २०१४ साली ते ६८ टक्के होते, तर २०१५ साली ६४ टक्के. कायद्यात २०११ साली एक कलम घातले गेले होते, त्यानुसार हे प्रमाण सलग दोन वर्षे ८० टक्क्यांच्या खाली राहिले तर अनामत आपोआप दुप्पट व्हायची होती. त्याप्रमाणे १ एप्रिल २०१७ पासून ती १० सेंट झाली. २०१८ साली परतीचे प्रमाण ८१ टक्क्यांवर गेले आणि २०१९ साली ८६ टक्क्यांच्या आसपास पोहोचले. लोक तेच होते आणि त्यांची पर्यावरणाविषयीची मतेही दोन वर्षांत बदललेली नव्हती.

या आकड्यांकडे पाहताना दोन गोष्टींचे भान ठेवावे लागते. १ एप्रिलनंतर जुन्या छापील किमतीच्या बाटलीवरही १० सेंट मिळणार होते, त्यामुळे त्याआधी बाटल्या साठवून ठेवणे फायद्याचे होते आणि सुरुवातीच्या महिन्यांतील उसळीत तो साठाही धरलेला असू शकतो. म्हणूनच २०१७ चे आकडे बाजूला ठेवून पुढच्या दोन वर्षांचे पाहणे योग्य ठरते. दुसरे असे की त्याच सुमारास परत घेणारी केंद्रेही वाढत होती, तेव्हा सगळे श्रेय एका रकमेला देता येत नाही. मात्र जानेवारी २०१८ मध्ये चहा, कॉफी, फळांचे रस अशा अनेक नव्या पेयांच्या बाटल्या योजनेत आल्या. लोकांना सवय नसलेल्या अशा बाटल्यांनी प्रमाण खाली ओढायला हवे होते, तरीही ते वर गेले.

वाढ तर पाचच सेंटची, मग एवढा फरक का पडावा? कारण कोणीही एकेक बाटली परत करायला जात नाही, पिशवी भरली की जातो. समजा, एखाद्या माणसाला केंद्रापर्यंतचा हेलपाटा तीन डॉलर मिळत असतील तरच परवडतो. ५ सेंटच्या हिशेबाने त्याला ६० बाटल्या जमवाव्या लागतात. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जागा मात्र चाळीसचीच आहे. साठ बाटल्या जमण्याआधीच कोपरा भरतो, घरातले कोणीतरी वैतागते आणि सगळा ढीग कचऱ्यात जातो. १० सेंट झाल्यावर तीसच बाटल्या पुरतात. हेलपाट्याचा त्रास पूर्वीइतकाच आहे, जागाही तेवढीच आहे, पण आता कोपरा भरण्याआधी जाणे परवडू लागते. अशा कुंपणावर बसलेल्या घरांची संख्या मोठी असते, म्हणून छोट्या वाढीचा परिणाम मोठा दिसतो. जो माणूस कोणत्याही रकमेसाठी उठणार नाही आणि जो फुकटातही बाटली परत नेऊन देईल, त्या दोघांच्या मधल्या लोकांवर ही योजना काम करते.

शिवाय अनामत बाटलीला चिकटलेली असते, ग्राहकाला नव्हे. विकत घेणाऱ्याने बाटली बाकावर सोडून दिली तरी तिचे मोल तसेच राहते, आणि ज्याला ते हवे आहे असा दुसरा कोणी ती उचलतो. जर्मनीत एका वापराच्या बाटल्यांवर आणि कॅनवर २५ युरो-सेंट अनामत आहे. तेथे अनेक जण बाटली कचराकुंडीत न टाकता तिच्या शेजारी उभी ठेवतात, म्हणजे गोळा करणाऱ्याला घाणीत हात घालावा लागत नाही, आणि काही शहरांत कुंड्यांभोवती त्यासाठी मुद्दाम कडी बसवलेली आहेत. एखाद्याला उदरनिर्वाहासाठी बाटल्या वेचाव्या लागणे ही काही समाधानाची गोष्ट नाही, आणि मी ती योजनेची शोभा म्हणून सांगत नाही. मुद्दा एवढाच आहे की घेणाऱ्याच्या बेफिकिरीने बाटली हरवत नाही. प्रबोधनाच्या मोहिमेत ही सोय नसते, कारण तेथे सगळा भार बाटली विकत घेणाऱ्याच्या मनावर असतो.

रक्कम पुरेशी असली तरी परत देण्याची जागा अवघड असेल तर योजना लंगडते. जर्मनीत १ जानेवारी २००३ रोजी ही अनामत लागू झाली तेव्हा कायद्यातील पळवाटेमुळे काही दुकानसाखळ्या वेगळ्या आकाराच्या स्वतःच्या बाटल्या काढून फक्त त्याच परत घेऊ लागल्या. एका दुकानात घेतलेली बाटली शेजारच्या दुकानात चालत नसे. मे २००६ पासून नियम बदलला आणि दुकान ज्या साहित्याच्या बाटल्या किंवा कॅन विकते, त्या साहित्याची अनामत असलेली कोणतीही बाटली किंवा कॅन परत घेणे त्याला बंधनकारक झाले, लहान दुकानांना थोडी सवलत ठेवून. आज तेथे परतीचे प्रमाण ९५ टक्क्यांहून जास्त असते. लिथुआनियाने २०१६ मध्ये योजना सुरू केली ती केवळ १० युरो-सेंट अनामतीवर, पण दुकानांतील यंत्रांचे जाळे आधीच उभारून. तेथे आधी जेमतेम तृतीयांश प्लास्टिकच्या बाटल्या गोळा होत होत्या, २०१७ च्या अखेरीस ते प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेले होते. जेथे खरेदीला जायचेच आहे तेथेच बाटली देता येते, तेव्हा हेलपाटाच उरत नाही आणि वरच्या हिशेबातले तीन डॉलर शून्याकडे सरकतात.

यंत्र नेमके काय करते, हेही येथे सांगायला हवे, कारण बाटली नाकारली गेल्याच्या बहुतेक तक्रारींचे मूळ त्यात आहे. गोल तोंडातून बाटली आत सरकते, आतील रूळ ती फिरवून बारकोड शोधतात, आकार आणि वजन नोंदीशी जुळते का ते पाहिले जाते, मग रक्कम मोजून बाटली तेथेच चिरडली जाते, म्हणजे तिच्यावर दुसऱ्यांदा पैसे घेता येत नाहीत. म्हणूनच जागा वाचवण्यासाठी घरीच चेपलेली किंवा बारकोडचे लेबल काढून टाकलेली बाटली यंत्र परत देते. ही अट पहिल्या दिवसापासून ठळकपणे सांगितली नाही तर लोक दोनदा परत पाठवले जातात आणि तिसऱ्यांदा येत नाहीत.

न परतलेल्या अनामतीविषयीची शंका रास्त आहे, आणि अनेक ठिकाणी ती खरीही ठरते. ओरेगॉनमध्ये ती रक्कम पेयांच्या वितरकांकडेच राहते. परंतु हा योजनेचा अंगभूत दोष नाही, ते पैसे कोणाला द्यायचे हा कायद्यातील निवडीचा प्रश्न आहे. मिशिगन राज्यात त्यातील ७५ टक्के रक्कम राज्याकडे जाते आणि पर्यावरणाच्या कामांवर खर्च होते, उरलेली २५ टक्के दुकानदारांना मिळते. नॉर्वेने तर उत्पादकांचा स्वार्थच उलटा फिरवला आहे. तेथे पेयांच्या वेष्टनांवर पर्यावरण कर आहे, परतीचे प्रमाण वाढत जाईल तसा तो कमी होतो आणि ९५ टक्क्यांच्या पुढे तो पूर्ण माफ होतो. तेथे जी बाटली परत येत नाही ती उत्पादकाला महाग पडू शकते. एखादी योजना तपासायची असेल तर मी सर्वप्रथम हेच कलम शोधेन.

घरोघरच्या डब्यांचे काम वेगळे आहे आणि ते चालू राहायलाच हवे, कारण कागद, खाद्यपदार्थांचे डबे आणि इतर प्लास्टिक अनामतीच्या बाहेर असते. पेयांच्या बाटल्यांपुरते मात्र ते कमी पडतात, कारण या बाटल्यांचा मोठा भाग घराबाहेर, प्रवासात, मैदानावर रिकामा होतो, आणि तेथे घरचा डबा नसतो. अमेरिकेत अशी घरोघरची व्यवस्था बऱ्याच ठिकाणी असूनही पीईटी प्लास्टिकच्या बाटल्या गोळा होण्याचे देशभरचे प्रमाण बरीच वर्षे ३० टक्क्यांच्या आसपास घुटमळते आहे, आणि त्यात अनामत असलेली राज्येही धरलेली आहेत. डब्यात बाटलीवर उष्टे आणि काचेचे तुकडे पडतात, यंत्रातून आलेली बाटली स्वच्छ आणि एकाच प्रकारची असते, त्यामुळे तिच्यापासून पुन्हा बाटली करणे सोपे जाते. एक नुकसान मात्र मान्य करावे लागते. ॲल्युमिनियमचे कॅन हा डब्यातला सर्वांत किमती माल असतो, तो अनामतीच्या वाटेने गेला की नगरपालिकेचे भंगाराचे उत्पन्न घटते, आणि त्याची भरपाई योजनेतच धरलेली असावी.

ओरेगॉनमध्ये आपोआप दुप्पट होण्याचे ते कलम एकदाच वापरायचे होते आणि पुढच्या वाढीची सोय कायद्यात नाही. मिशिगनमध्ये १० सेंट १९७८ पासून तसेच आहेत. त्यांच्या बळावर तेथे दशकानुदशके सुमारे ९० टक्के आणि त्याहून जास्त बाटल्या परत येत राहिल्या. २०२० मध्ये साथीमुळे परतीची केंद्रे काही काळ बंद झाली तेव्हा प्रमाण ७३ टक्क्यांच्या आसपास घसरले. केंद्रे पुन्हा उघडली, लोक पुन्हा खरेदीला बाहेर पडले, आणि ते प्रमाण २०२१ आणि २०२२ मध्येही ७५ टक्क्यांच्या आसपासच राहिले.